पत्र्यामागचा माणूस

शाळेत त्यांना समोर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘ठिपके मास्तर’. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ज्या मास्तराला टोपणनाव नाही, त्याला पोरांनी पाहिलेलंच नाही, असं ते म्हणत.

नाव पडलं ते त्यांच्या पहिल्या तासावरून. ड्रॉइंगचा तास म्हटला की पोरं रंगाच्या डब्या वाजवत यायची. मास्तर त्या डब्या आधी बाकाखाली ठेवायला लावत. मग खडू घेऊन फळ्यावर ठिपके देत, सगळे सारख्या अंतरावर, आणि विचारत, “काय दिसतं?”

“ठिपके.”

मग ते पुसून पुन्हा देत. या वेळी आडवे ठिपके जवळजवळ आणि उभ्यांत जरा अंतर. “आता?”

“ओळी!”

“ओळी मी काढल्या?”

पोरं पुन्हा फळ्याकडे बघत.

“मी ठिपकेच काढले. ओळी तुमच्या डोळ्यांनी काढल्या. जवळजवळ बसलेल्यांना डोळा एका घरातलं धरतो. शेजारी बसलेली दोन माणसं भावकीतलीच असतात असं थोडंच आहे?”

पोरं हसत. मग मास्तर एक वर्तुळ काढत, जागोजाग तुटलेलं. पोरं म्हणत, वर्तुळ. मास्तर म्हणत, “तुटलंय की रे! डोळ्याला उघडं दार बघवत नाही. तो ते लोटून घेतो.” एकमेकींना छेदणाऱ्या दोन वळणदार रेषा काढत आणि विचारत, या टोकाची रेषा त्या गाठीतून पुढे कुठे गेली? सगळी बोटं एकाच दिशेला जात. कारण डोळा वाहत्या पाण्यासारखा असतो, वळण मिळेल तसा पुढे जातो, काटकोनात मोडत नाही. खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट करून सांगत, “झाड काढू नका. फांद्यांच्या मधलं आभाळ काढा. आभाळाचे तुकडे नीट उतरले की झाड आपोआप उभं राहील.” आणि पोरांना धक्का बसे, कारण त्या तुकड्यांकडे जन्मात कोणी पाहिलेलं नसे. डोळा झाडाला पाट देतो आणि आभाळाला दारात उभं करतो.

हे सगळं त्यांना तरुणपणी एका म्हाताऱ्या चित्रकाराने शिकवलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतः पाहून पाहून जमवलं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान थोडाथोडका नव्हता. घरी त्यांची थोरली बहीण होती, अक्का. लग्नानंतर वर्षभरातच परत आलेली, भावाचं घर सांभाळणारी. ती म्हणे, “जगाला बघायला शिकवतोस, पण सदऱ्याचं बटण तुटलंय ते दिसत नाही तुला.”

“बटण नसलं तरी सदरा सदराच दिसतो, अक्का. डोळा भरून काढतो.”

“डोळा काढतो, आणि थंडी तुला वाजते. गप बस.”

मास्तरांचा सगळ्यात आवडता पाठ होता झाकलेल्या वस्तूचा. टेबलावर तांब्या ठेवायचा, त्याच्या पुढ्यात पुठ्ठा उभा करायचा. वर गळा दिसतो, खाली बूड दिसतं, पोट झाकलेलं. पोरांनी पूर्ण तांब्या काढायचा. ज्याचं झाकलेलं पोट खऱ्याला जुळेल, त्याच्या पाठीवर थाप. “चित्रकार दिसतं तेवढंच काढत नाही. दिसणाऱ्यावरून न दिसणारं ओळखतो,” असं ते सांगत, आणि वर्गातल्या सगळ्या माना हलत.

या पाठात एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. डोळे घारे म्हणून तिला घारी म्हणत. बाप हमाल, आई शिवणकाम करणारी. बोलायला कमी, पण कागदावर आली की रेघ अशी ओढायची की मास्तर क्षणभर श्वास धरून बघत. तिला सोपं करून काढता येत नसे. टेबलाचा पाय वाकडा असला तर ती वाकडाच काढी. मास्तर तिला म्हणत, “तू आणखी दोन वर्षं माझ्या हाताखाली राहा, मग मीच तुझ्याकडे शिकायला येतो.”

शाळेपासून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाकडाची एक मोठी वखार होती. एका रात्री ती जळाली. आत झोपलेला म्हातारा करवत्या बाहेर येऊ शकला नाही. सकाळी गावाने पाहिलं तेव्हा ओंडके अजून धुमसत होते, आणि चादरीखाली जे झाकून नेलं ते फार लहान दिसत होतं.

त्या दिवशी मास्तरांचा तास होता. पोरांचं लक्ष कशात लागेना. मास्तर म्हणाले, “ठीक आहे. काल संध्याकाळी घरी जाताना जे पाहिलं ते आठवून काढा.” त्यांना वाटलं, मन मोकळं होईल.

घारीने वखारीचं फाटक काढलं.

काल शिवणाच्या कापडाचं गाठोडं आईसाठी घेऊन ती समोरच्या कडेने चालली होती. फाटक म्हणजे पत्र्याची एक उंच, आंधळी पाटी. खाली वीतभर फट. त्या फटीत तिला दोन पाय दिसले होते, पायात जड बूट, आणि पायांशी रॉकेलचा डबा. पत्र्याच्या वर एक डोकं दिसलं होतं, वखारीच्या राखणदाराचं. तो चेहरा सगळ्या गावाच्या ओळखीचा. पोरांना बघून नेहमी मान हलवणारा.

मास्तर तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. चित्र जिवंत होतं, पण काहीतरी खटकत होतं. त्यांनी पेन्सिल हातभर लांब धरून डोक्याच्या मापाने अंग मोजलं. पायापासून डोक्यापर्यंत माणूस नऊ डोक्यांच्याही वर जात होता. शिवाय डोकं अंगाच्या मानाने लहान.

“घारे, हा माणूस आहे की विजेचा खांब? माणूस किती डोक्यांचा?”

“साडेसात, सर.”

“मग?”

“पण पत्रा उंच होता, सर.”

“पत्रा तुला उंच वाटला. तू लहान आहेस.”

वर्ग हसला. घारीचे कान लाल झाले. मास्तरांनी तिच्या हातून खोडरबर घेतला, पत्र्याची वरची कड पुसून खाली आणली, डोकं खाली घेतलं आणि थोडं मोठं केलं. चार रेघांचं काम. अंग जिथे झाकलं होतं तिथे आता बरोबर एक अंग मावत होतं. “बघ, कसा उभा राहिला माणूस!” खाली कोपऱ्यात त्यांनी ‘उत्तम’ लिहून सही केली आणि चित्र भिंतीवर लावलं.

संध्याकाळपर्यंत ते चित्र शाळेत सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फौजदार आले. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “पोरगी भारी आहे हो तुमची, मास्तर. आम्हाला जे आठवडाभर सापडलं नसतं, ते कागदावर ठेवून मोकळी.” चित्र काढून घेताना एक कोपरा फाटला. राखणदाराला दुपारी नेलं.

मास्तरांना त्या दिवशी काय वाटलं हे खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. जेवताना ते अक्काला म्हणाले, “बघितलंस? बघायला शिकवलं की काय होतं ते.”

अक्काने घास खाली ठेवला. “एक माणूस मेला, एक माणूस गेला. यात तुझं जेवण गोड कसं लागतं रे?”

राखणदार पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. रस्त्यावर गलका झाला म्हणून तो ओंडक्यांच्या थप्पीवर चढून बाहेर बघत होता. पत्र्याच्या आत फळ्यांची रास लावलेली होती, पत्रा आणि रास यांच्या मधल्या फटीत खाली कोण होतं ते त्याला वरून दिसलं नाही. आणि बूट त्याने जन्मात घातले नाहीत. फौजदार म्हणाले, बूट आगीत टाकले असशील. चौकीतून बाहेर आला तेव्हा राखणदाराला सरळ बसता येत नव्हतं, आणि त्याने कबुलीवर अंगठा दिला होता.

पुढे काही आठवडे गेले. एके दिवशी मास्तर शाळेतून घरी निघाले. वखारीत जळकी लाकडं उचलायला मजूर लावले होते. फाटक अजून तसंच उभं होतं, काळं पडलेलं. मास्तरांची नजर सहज गेली. पत्र्याच्या वर एका मजुराचं डोकं, खाली फटीत दोन पाय. पत्र्यामागे मजूर उभा आहे, असं त्यांच्या मनाने म्हटलं आणि ते पुढे निघालेसुद्धा.

इतक्यात पाय चालू लागले. डावीकडे गेले, फटीच्या टोकापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. डोकं होतं तिथेच होतं. तोंडात विडी होती, ती शांतपणे धुरावत होती.

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून सायकलवाला ओरडला, “ओ काका, मरायचंय का?” त्यांना ऐकू आलं नाही.

हाही पाठ त्यांनी वर्गात कैकदा शिकवला होता. खोडाच्या रंगाचा किडा खोडावर बसला की दिसत नाही, तो हलला की सालीपासून सुटा होतो. सोबत चालतं ते एकाचं, वेगळं चालतं ते वेगळ्याचं. डोकं आणि पाय स्थिर होते तोवर डोळ्याने त्यांची मोट बांधली होती. पाय हलले आणि मोट सुटली.

ते फाटकाजवळ गेले. पत्र्याला पाठ लावून उभे राहिले आणि हात वर केला. कड त्यांच्या डोक्याच्या वर हातभर होती. जमिनीवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाचं डोकं त्या पत्र्यावर दिसणं शक्य नव्हतं. ज्याचं दिसलं, तो मागे, उंचावर उभा होता. मागे होता म्हणून डोकं लहान दिसलं होतं. पोरीने जे लहान पाहिलं ते लहान काढलं होतं, उंच पाहिलं ते उंच काढलं होतं. तिच्या कागदावर दोन माणसं होती. मास्तरांनी त्यांचा एक केला होता.

ते तसेच चौकीवर गेले. फौजदार वर्तमानपत्र वाचत होते.

“साहेब, ते चित्र चुकीचं आहे.”

“पोरगी खोटं बोलली?”

“नाही. पोरीचं बरोबर होतं. मी सुधारलं.”

फौजदारांनी वर्तमानपत्र खाली केलं. “म्हणजे आधी चुकीचं होतं, तुम्ही बरोबर केलं, आणि आता तुमचं बरोबर चुकीचं आहे. मास्तर, चहा घेता का?”

“चला माझ्याबरोबर. फाटक दाखवतो.”

“बघू की. फाटक पळून जातंय होय?”

फाटक पळून गेलं. वखारीच्या मालकाने जागा साफ करून विकायला काढली होती. मास्तर राखणदाराच्या वकिलाला घेऊन पोचले तेव्हा तिथे दोन खड्डे होते आणि भंगारवाल्याच्या गाडीची चाकं उमटलेली होती. पत्र्याची खरी उंची आता जगात एकाच ठिकाणी होती, घारीच्या पहिल्या रेघेत, आणि ती रेघ मास्तरांनी पुसली होती. वकिलाने चित्राचा कागद चौकीवरून मागवून उन्हात तिरका धरून पाहिला. घारीचा हात हलका. कागदावर वळसुद्धा उमटला नव्हता.

मास्तर घारीच्या घरी गेले. तिची आई मशीनवर बसली होती. घाईने पदर सावरत उठली. मास्तर म्हणाले, “बसा ताई, मी तिच्याशी बोलायला आलोय.” आणि त्यांनी मुलीसमोर खाली जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तिचं बरोबर होतं हेही सांगितलं. आयुष्यात विद्यार्थ्यापुढे त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

घारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण सर, मला एकच माणूस दिसला होता.”

“दिसला असेल. पण तू काढलेस ते तुकडे. वरचा एक आणि खालचा एक. मधलं तू पाहिलंस का?”

“नाही. पत्रा होता.”

“तो हलला का? डोकं वळलं तेव्हा पाय वळले का?”

ती डोळे मिटून बसली. पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसत होती. “नाही सर. स्थिर होता. मी चालत होते.”

“घारे, आता डोळे मिटून पुन्हा बघ. दोन माणसं दिसतात का? एक वर चढलेला, एक खाली?”

तिने खूप प्रयत्न केला. तिचा चेहरा रडवेला झाला. “तुम्ही सांगता ते कळतंय, सर. पण दिसत नाही. बघायला गेलं की ते जोडूनच येतात.”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. यावर त्यांच्यापाशी इलाज नव्हता. एकदा डोळ्याने गाठ मारली की सांगून सुटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

कोर्टाची खोली लहान होती. पंखा फिरताना खरडल्यासारखा आवाज करी. मास्तरांनी साक्षीत सगळं सांगितलं. नऊ डोकी, साडेसात डोकी, डोक्याच्याही वर हातभर उंच पत्रा, चाललेले पाय. लोक मागे कुजबुजले, कोणी हसलं. सरकारी वकील सभ्य माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही.

“मास्तर, तुम्ही चित्र पहिल्यांदा पाहिलंत, दुरुस्त करायच्या आधी. तेव्हा त्यात तुम्हाला किती माणसं दिसली?”

मास्तरांनी ओठ ओले केले. “एक.”

“तुम्ही किती वर्षं बघायला शिकवता?”

“तीसच्या वर.”

“आणि एकच दिसला.”

“डोळा तसाच पाहतो, साहेब. त्याला दोन तुकडे दिले तर तो—”

“मी डोळ्याचं विचारत नाही. तुमचं विचारतो.”

“एक.”

“फाटक तुम्ही मोजलंत, त्याला कोणी साक्षीदार?”

“नाही.”

मग घारीला उभं केलं. कठड्याच्या वर तिचं फक्त तोंड दिसत होतं. राखणदाराच्या वकिलाने विचारलं, ते दोघं असू शकतील का? ती मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांच्या मनात आलं, हो म्हण पोरी, एकदा हो म्हण. पण याच मुलीला त्यांनी शिकवलं होतं की जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही.

“असतील,” ती म्हणाली. “पण मला एक दिसला.”

राखणदाराला जन्मठेप झाली. त्याला नेताना मास्तर व्हरांड्यात उभे होते. हात जोडलेले. राखणदार थांबला. पायात काही नव्हतं, टाचा फुटलेल्या.

“मास्तर, तुम्ही कशाला हात जोडता? तुमच्या एकट्याची चूक असती तर गोष्ट वेगळी. सगळ्यांना मीच दिसतो.”

“मी वरच्या कोर्टात—”

“करा. पण बायकोला आशा लावू नका. तिला आशा झेपत नाही.”

मास्तरांनी वरच्या कोर्टात अर्ज केला. तिथे कागद गेले, आणि कागदावर तर एकच माणूस होता.

त्यानंतर मास्तर नोकरीत आणखी काही वर्षं राहिले. तांब्या आणि पुठ्ठा टेबलावर येतच राहिले, पण पाठ उलटा झाला. आता पोरांनी पुठ्ठ्यापाशी रेघ तोडायची. झाकलेलं झाकलेलंच ठेवायचं. वर काय दिसलं, खाली काय दिसलं, आणि मध्ये काय दिसलं नाही, हे कागदावर वेगवेगळं असायला हवं. कोणी चुकून पोट काढलं तर मास्तर रागावत नसत. फक्त विचारत, “हे पाहिलंस?” मग अंदाज असला तर तो तुटक ठिपक्यांनी काढायला लावत, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही डोळ्याची भर आहे. परीक्षेत त्यांच्या पोरांना मार्क कमी पडू लागले. चित्रं अपुरी, असा शेरा येई. हेडमास्तर म्हणाले, “अहो, तांब्याला पोट असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं.” मास्तर म्हणाले, “कळतं, साहेब. दिसत नाही.” पोरांचं नुकसान होत होतं आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी बदल केला नाही.

घारीने पुढच्या वर्षी ड्रॉइंग सोडून शिवण घेतलं. मास्तर समोर आले की ती नमस्कार करी आणि खाली बघून निघून जाई. एकदा मास्तरांनी विचारलंच, “एक रेघसुद्धा ओढत नाहीस?” ती म्हणाली, “कापडावर खडूने ओढते, सर. ती मोजून ओढायची असते. तिथे माझ्या डोळ्यांचं काम नाही.”

राखणदार तुरुंगात खोकून खोकून मेला. बातमी आली तेव्हा अक्का अंथरुणाला खिळलेली होती. ती एवढंच म्हणाली, “त्याच्या बायकोकडे जाऊन ये.” मास्तर दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले.

शेवटी तीच आली. शाळा सुटलेली, वर्ग रिकामा. दारात उभी राहून म्हणाली, “घरात त्यांचा फोटो नाही. तुम्ही काढून द्याल का? उभ्याने. पायापर्यंत.”

मास्तरांनी तिला बाक पुसून दिला, बोर्डाला कागद लावला आणि पेन्सिल घेतली. चेहऱ्याची पहिली रेघ ओढायला गेले आणि हात थांबला. त्यांना राखणदाराचं एकच तोंड आठवत होतं, पत्र्याच्या कडेवर ठेवलेलं. वर्षानुवर्षं रोज त्या रस्त्याने गेले होते. रोज त्याने मान हलवली होती, रोज यांनी हलवली होती. पाहिलं मात्र नव्हतं.

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “मी काढतो.”

ती सांगू लागली. पाय असे, अंगठा जरा बाहेर. धोतर गुडघ्यापाशी वर खोचलेलं. डावा खांदा उतरलेला, आयुष्यभर ओंडके वाहून. मास्तर काढत गेले. ती चेहऱ्याशी आली आणि अडखळली. “कपाळ मोठं… नाही, इतकं नाही. डोळे… कसे सांगू? हसायचे तेव्हा बारीक व्हायचे.” मास्तर काढत, ती मान हलवी. पुन्हा काढत, पुन्हा ती मान हलवी. बाहेर ऊन उतरलं, वर्गात उजेड कमी झाला.

अखेर तिने कागद हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला.

“हे ते नाहीत,” ती म्हणाली.

“नाहीत,” मास्तर म्हणाले. “उद्या या. पुन्हा बघू.”

“नको. असू द्या.” तिने कागदाची गुंडाळी केली आणि पदराखाली घेतली. “भिंतीवर लावते. येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे कळणार आहे.”

ती गेली. मास्तर खिडकीशी उभे राहून तिला मैदान ओलांडताना बघत राहिले. कंपाउंडची भिंत आली, पलीकडे रस्ता उतरता होता; आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग खांदे, मग डोकं.